सातबारा न दाखवता सातबाऱ्याची खात्री कशी दाखवायची: माझा अनुभव

सांगलीत विश्रामबागेतल्या एका वधू-वर सूचक केंद्रात मी स्थळांची कागदपत्रं तपासते आणि केंद्राच्या पोस्टही मीच लिहिते. मुलीकडचे नाव नोंदवायला आले की एक प्रश्न हमखास असतो, "तुम्ही नुसते बायोडाटे फिरवता, की खरंच बघता?" प्रश्न रास्त आहे. म्हणून केंद्र चालवणाऱ्या काकूंनी ठरवलं, की आपण काय तपासतो ते पोस्टमधून लोकांना दिसू दे. सुरुवात शेतीपासून करायची ठरली, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो.

हाताशी तासगावकडचं एक स्थळ होतं. बायोडाट्यात लिहिलेलं, "पाच एकर बागायत, द्राक्षबाग." मुलानं सातबारा आणि ८अ दोन्ही आणून दिले होते. पोस्टची डिझाइन करणाऱ्या मुलानं त्याच सातबाऱ्याचा फोटो घेतला, नावांवर काळी पट्टी ओढली, वर हिरव्या अक्षरांत 'तपासले' लिहिलं आणि मला दाखवलं. "ताई, नावं झाकल्यात की सगळी. टाकू?"

मी म्हटलं, थांब जरा. नावं झाकली होती, पण गाव, तालुका आणि गट नंबर तसाच होता. bhulekh.mahabhumi.gov.in वर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की विनास्वाक्षरीत सातबारा कुणालाही, फुकट, घरबसल्या दिसतो. मी त्याच्यासमोरच उघडून दाखवला. पट्टीखाली झाकलेली सगळी नावं मोबाईलवर आली. नावांबरोबर 'इतर अधिकार' हा रकानाही आला, म्हणजे सोसायटीचा बोजा किती ते. शिवाय तो उतारा पंधरा रुपये भरून काढलेला डिजिटल स्वाक्षरीचा होता, त्यावर खाली क्यूआर कोड होता. खरेपणा तपासता यावा म्हणूनच तो असतो, पण फोटोत राहिला तर स्कॅन करणाऱ्या कुणालाही वाट मिळते.

मग तो म्हणाला, गट नंबर आणि क्यूआरही झाकू. तरी माझं मन घेईना. त्या उताऱ्यावर मुलाच्या वडिलांबरोबर दोन काकांची नावं होती. मुलानं केंद्राला कागद दाखवायला संमती दिली होती, काकांनी नव्हे. ज्यांना आपण ओळखतही नाही, त्यांची जमीन आणि कर्ज आपल्या जाहिरातीत वापरायचं कुठल्या हक्कानं? काकूंना हे सांगितलं, त्यांनी लगेच मान डोलावली. तेव्हापासून आमचा नियम आहे की खऱ्या कुटुंबाचा कागद पोस्टमध्ये येत नाही, झाकूनसुद्धा नाही.

त्याऐवजी आम्ही एक नमुना उतारा तयार केला. त्यावर आडवं मोठ्या अक्षरांत 'नमुना' असं लिहिलं, गावाच्या आणि गट नंबरच्या जागा कोऱ्या ठेवल्या आणि खातेदार म्हणून फक्त 'खातेदार १, २, ३'. मग त्यावर बाण काढून आम्ही कुठे काय बघतो ते दाखवलं. इथे त्या स्थळाची तपासणी फार उपयोगी पडली, कारण शेतीच्या कागदात नेमकं काय निसटतं ते तीत सगळं होतं.

क्षेत्र होतं २ हेक्टर २ आर. एकर चाळीस गुंठ्यांचा आणि हेक्टर अडीच एकरांच्या आतबाहेर, म्हणजे पाच एकर बरोबर. पण खातं सामाईक. तीन भावांत वाटप झालेलं नाही, तेव्हा मुलाच्या वडिलांच्या वाट्याला त्यातलं किती येईल हे सातबारा सांगत नाही. ढोबळमानानं तिसरा हिस्सा धरला तर पावणेदोन एकराच्या आसपास. मुलगा खोटं बोलत नव्हता, घरात सगळे "आपली पाच एकर" असंच म्हणतात. पण मुलीचा बाप ते वेगळ्या अर्थानं वाचतो. ८अ वर त्या गावातली त्या खात्याची सगळी जमीन एकत्र दिसते, शेजारच्या गावात असलेली दिसत नाही. आणि द्राक्षबागेची नोंद आहे गाव नमुना बारामध्ये. २०२१ पासून ई-पीक पाहणीत ही नोंद शेतकरी स्वतःच मोबाईलवरून करतो, म्हणून बाग आज उभी आहे का, हे आम्ही घर बघायला जाणाऱ्यांवरच सोडतो.

बोज्याबद्दल मला एक ठामपणे सांगायचं आहे. द्राक्षबाग असलेल्या घराच्या सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा असणं ही रोजची गोष्ट आहे. तो बघून स्थळ नाकारू नये. तरीही पोस्टमध्ये, स्थळाच्या कार्डावर किंवा ग्रुपवर तो कधीच लिहायचा नाही. दोन्ही घरं बोलणी पुढे न्यायला तयार झाली की त्यांनी समोरासमोर बसून एकमेकांना सांगावं.

पोस्टचा मजकूर असा झाला: "शेतीची माहिती देणाऱ्या स्थळांचा सातबारा आणि ८अ आम्ही चालू महिन्याचा मागतो, शासनाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहतो. क्षेत्र जुळते का आणि खाते सामाईक आहे का, हे बघतो. वाटणी, बागेची सध्याची स्थिती आणि कर्ज याची हमी आम्ही देत नाही." शेवटचं वाक्य काकूंना आधी खटकलं, गिऱ्हाईक बिचकेल म्हणाल्या. मी धरून बसले. नुसतं 'तपासले' म्हटलं की लोक सगळंच तपासलं असं समजतात, आणि पुढे लग्न मोडायची वेळ आली की आपल्याच दारात येतात.

दुसरी अडचण कार्डांची. तपासणीची पोस्ट आणि त्याच दिवशी टाकलेलं स्थळाचं कार्ड शेजारी आलं, की लोक जोड लावतात. "तासगाव तालुका, द्राक्षबागायतदार, वडील शिक्षक, दोन बहिणी विवाहित, मुलगा एम.एस्सी. ॲग्री" एवढं लिहिलं तर नाव लिहायची गरजच नाही, त्या पट्ट्यातला कुणीही घर सांगेल. म्हणून सार्वजनिक कार्डावर 'सांगली जिल्हा', शिक्षणाची शाखा आणि वयाचा टप्पा एवढंच ठेवतो. तालुका, भावकी, बहिणी हे सगळं दुसऱ्या पायरीवर, विचारणारं कुटुंब कोण आहे ते कळल्यानंतर आणि या कुटुंबाला फोन करून विचारल्यानंतर.

संमतीच्या कागदावरही आता दोन सह्या घेतो. एक आम्हाला कागद दाखवण्यासाठी, दुसरी कुठली माहिती कुणाला सांगायची त्यासाठी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ठराविक कामापुरती आणि मागे घेता येण्याजोगी असावी असं आहेच. मुलाच्या आजोबांनी दुसरी सही वाचून विचारलं, "लगीन ठरलं की कागद परत देणार का?" उतारे तर आम्ही बघून लगेच परत देतो. मोबाईलवर आलेले फोटो काढून टाकतो आणि रजिस्टरमध्ये फक्त 'पाहिले', तारीख आणि पाहणाऱ्याची सही ठेवतो. तेही त्यांना पान उघडून दाखवलं.

सध्या पुनर्विवाहाच्या स्थळांसाठी पोस्ट लिहिते आहे, तिथे हात आणखी आखडता घ्यावा लागतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार वैवाहिक दाव्यातला मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं बेकायदेशीर आहे. तेव्हा घटस्फोट का झाला, कुणी दावा लावला, काय ठरलं, यातलं काहीच नाही. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि अपिलाची मुदत संपली की नाही, एवढंच आम्ही बघतो आणि पोस्टमध्येही तेवढंच लिहिणार आहे.