बाकीची दहा चित्रं

“सर, कुणाचं पहिलंवहिलं प्रदर्शन असलं तरी तुमच्या तोंडून सरळ ‘छान आहे’ का निघत नाही हो? त्या माणसाला बरं वाटेल एवढं तरी बोलावं की नाही?”

बोलतो की. कौतुकच करत असतो, फक्त ते कौतुक आहे हे आजूबाजूच्यांना कळत नाही. मी चित्राच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारतो आणि मागे उभ्या असलेल्यांना वाटतं, मास्तर चुका काढून राहिले. इतकी वर्षं ड्रॉइंग शिकवल्याचा हा शिक्का आहे, तो जात नाही.

तुम्हाला खरं विचारायचंय ते माझ्या मैत्रिणीच्या पहिल्या प्रदर्शनाच्या त्या संध्याकाळबद्दल. कोण, कुठे, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्यातले निम्मे तर नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्या दालनात कचोरी खात उभेच होते. म्हणून ते सोडतो आणि चित्रावर येतो, कारण त्या दिवशी चित्राबद्दल सोडून बाकी सगळ्यावर चर्चा झाली.

महाल भागातल्या एका वाड्याची चुना दिलेली भिंत, तिच्यावर कडुलिंबाची सावली, भर मे महिन्यातली दुपार. जलरंगातलं, हातभर रुंद चित्र. लांबून पाहिलं तर त्यात काहीच नाही, भिंत आणि सावली. तुम्ही ते ओलांडून तलावाच्या चित्रासमोर फोटो काढायला गेलात, मी पाहिलं.

आता सावली बघा. भिंतीला जवळजवळ टेकलेली जी फांदी आहे, तिच्या सावलीची कड सुरीने कापल्यासारखी. वरचा शेंडा भिंतीपासून दूर आहे, त्याच्या पानांची सावली मऊ, कड विरघळलेली. ऊन्हात असंच दिसतं. वस्तू भिंतीपासून जितकी लांब तितकी सावलीची कड पुसट, कारण सूर्य आपल्याला ठिपका वाटला तरी तो ठिपका नाही, थाळी आहे. हे रोज डोळ्यांसमोर असतं आणि बहुतेक जण सगळी सावली एकाच कडेने रंगवून मोकळे होतात. तिने तसं केलं नाही.

पण दिसणं वेगळं आणि जलरंगात ते उतरवणं वेगळं. कड तीक्ष्ण हवी तर कागद कोरडा लागतो, मऊ हवी तर ओलसर. एकाच सावलीत दोन्ही हवं असेल तर कागदाचा वरचा भाग ओला, खालचा कोरडा, आणि ब्रश एकदाच वरून खाली आणायचा, मध्ये सांधा न दिसू देता. मुंबईच्या पावसाळ्यात हे करायला निवांत वेळ मिळतो, तिथे कागद वाळता वाळत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, हवेत ओलावा नावालाही नसतो. इथे तुम्ही कागद ओला करून ब्रश रंगात बुडवेपर्यंत कागद वाळलेला असतो. घाईने परत पाणी लावलं की अर्धवट वाळलेल्या रंगात ते पाणी घुसतं आणि फुलकोबीच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. तो डाग पुसता येत नाही. तिच्या सावलीत असा एकही डाग नव्हता.

दुसरं, रंग. करडा रंग तिने ट्यूबमधला घेतला नव्हता. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला होता. अल्ट्रामरीनचे कण पाण्यात एकमेकांना धरतात आणि खरबरीत कागदाच्या खाचांत जाऊन बसतात, म्हणून जवळ गेलं की सावली दाणेदार दिसते, थेट जुन्या चुन्याच्या भिंतीसारखी. ब्रशने ती भिंत कुणी काढलेली नाही, कागदाने आणि पाण्याने मिळून काढली आहे. मात्र हे दाणे बसायला पाणी कागदावर काही वेळ उभं राहावं लागतं. लवकर वाळलं तर रंग सपाट होतो, आणि मध्येच ब्रशने घोळसलं तर चिखल. खाली जमिनीजवळ तिने तपकिरी वाढवला होता, कारण तापलेल्या मातीचा उजेड सावलीच्या पायथ्याशी पडतो.

म्हणजे दाणे होते, मऊ कड होती आणि महिना मे होता. हे तीन एकत्र पाहिल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न: हिने कागद ओला ठेवला कसा?

तो मी तिला विचारला. दीपप्रज्वलन झालं होतं, गळ्यातला हार तिने नुकता काढून टेबलावर ठेवला होता, आणि मी म्हणालो, “त्या सावलीत वरचा भाग मऊ ठेवून खालची कड कोरडी कशी राखली? आणि तेही इथल्या उन्हाळ्यात? मला हे जमलेलं नाही.”

तिचा चेहरा मला अजून आठवतो. आधी एकदम खुलला. मग ती भराभर सांगायला लागली. कागद ३०० जीएसएमचा कॉटन, दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिकच्या शीटवर चिकटवायचा, म्हणजे खालून ओल मिळत राहते. वरून जिथे कोरडा हवा तिथे टिश्यूने टिपून घ्यायचा. खोलीतला कूलर सुरू ठेवायचा, पण तोंड भिंतीकडे, म्हणजे हवेत दमटपणा येतो आणि झोत कागदावर येत नाही. पहाटे पाचला उठून बसायचं. घरच्यांना वाटायचं, ही योगासनं करते. त्या दालनातल्या कुणालाही तिने हे सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आणि मग ती थांबली आणि म्हणाली, “आणि बाकीची दहा?”

मी म्हटलं, “ती अजून पाहायचीत.”

खरं होतं ते. पण तिने ऐकलं असं, की दहा चित्रं मला आवडली नाहीत. तितक्यात तिच्या बँकेतले सहकारी आले, “वा मॅडम, अगदी फोटोसारखं!” म्हणाले, आणि ती त्यांच्याकडे वळली. हसली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मी केला तर जेवढ्यास तेवढं. मग इकडून तिकडून माझ्या कानावर आलं, सरांनी पहिल्याच दिवशी बिचारीचा मूड घालवला.

याचं मला वाईट वाटलं. फार वाटलं, ते लपवत नाही. पण ‘अगदी फोटोसारखं’ म्हणणारा जिंकला आणि मी हरलो, हा हिशोब मला मान्य नाही. ते वाक्य त्या भिंतीला लागू पडत नव्हतं. फोटोत ते दाणे आले नसते. बोलणारा भला माणूस, पण त्याने चित्र पाहिलं नव्हतं, तिच्याकडे पाहिलं होतं.

बरं, तिच्याकडे पाहणंही काही कमी नाही, हे मला कळतं. शाळेत असताना मी इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या पोरांच्या कागदांवर लाल शाईने ‘छान’ लिहून गठ्ठा संपवायचो. तेव्हाचा मी आजच्या माझ्याशी भांडतो. म्हणतो, पोरगं तो कागद घरी आईला दाखवायला धावायचं, तू त्याला अल्ट्रामरीनचे कण समजावून सांगितले असतेस तर धावलं असतं का? याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच म्हणतो की पोरगं चौदा वर्षांचं होतं आणि ती अठ्ठावन्नची. निवृत्तीनंतर पहाटे उठून काय शोधलं, हे कुणीतरी ओळखावं असं तिला वाटत नसेल?

तुमच्यातले काही म्हणतात, “तुम्हाला कळतं म्हणून बोलता, आम्हाला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, आम्ही काय बोलणार?” हे मी मानत नाही. जलरंगाचं एक सांगतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. चित्रात जे पांढरं दिसतं तो उघडा ठेवलेला कागद असतो. म्हणजे ब्रश उचलण्याआधीच त्या माणसाने ठरवलेलं असतं की इथे हात लावायचा नाही. आधी चार पावलं मागून बघा, मग हातभर अंतरावर या, आणि पांढरं कुठे राखलंय ते शोधा. काचेत ट्यूबलाइट दिसत असेल तर थोडं बाजूला सरका. सापडलं की तेच सांगा. तिच्याच प्रदर्शनात इतवारीतल्या सायकलरिक्षाचं चित्र होतं. त्यावर कुणी अभिप्रायाच्या वहीत एवढं लिहिलं असतं, “हँडलची चकाकी रंगवलेली नाही, तिथे नुसता कागद आहे हे जवळ गेल्यावर कळलं, लांबून मला स्टील वाटलं,” तर ती वही तिने जपून ठेवली असती. यात एकही शास्त्रीय शब्द नाही. वहीत काय होतं ते मी वाचलंय. पानामागून पान ‘अप्रतिम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’, आणि एका गृहस्थाने ‘नोकरी सांभाळून हे सगळं कसं जमवलंत’, तेही तिच्या निवृत्तीनंतर.

बाकीची दहा मी दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन पाहिली. दालनात पहारेकरी आणि मी. तलावाचं चित्र तुम्हाला आवडलं, मला फिकं वाटलं, पाण्यातलं प्रतिबिंब वरच्या आकाशापेक्षा उजळ झालं होतं. रिक्षा चांगलीच होती. एका चित्रात वाळत घातलेल्या पापडांच्या कडा तिने ज्या हिमतीने सोडून दिल्या होत्या, तिथे मी बराच वेळ उभा होतो. हे सगळं मी तिला पत्रात लिहिलं, तलावाचं सोडून. तलाव का सोडला, तर पहिल्या प्रदर्शनात न विचारता चूक सांगू नये, एवढं मलाही कळतं. सांगायचं ते जमलेलंच सांगायचं, फक्त नेमकं कुठे जमलंय ते सांगायचं.

पत्राला उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर ती स्वतःच घरी आली, नवीन चित्रांची फाइल घेऊन. चहा झाल्यावर म्हणाली, “पत्र मी वाचलं, पापडाचं वाचून रडली पण. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर मले फक्त छान ऐकायचं होतं रे. तू काऊन नाही म्हटलं?”

मी म्हटलं, “मी त्याहून मोठं बोललो होतो.”

“हाव, पण ते मले घरी गेल्यावर समजलं.”

यावर काय बोलणार? मग फाइल उघडली आणि आम्ही तासभर कागदावर बोलत बसलो. जाताना तिने अट घातली. पुढचं प्रदर्शन लागेल तेव्हा उद्घाटनाला यायचं, सगळ्यांच्या देखत मोठ्याने ‘छान’ म्हणायचं, समोसा खायचा आणि घरी जायचं. सावल्या, कडा, कण वगैरे दुसऱ्या दिवशी दुपारी, दालन रिकामं असताना, ती स्वतः थांबेल.

मी अजून हो म्हटलेलं नाही.