शुगरच्या नोंदी: सरासरी काढताना

उद्या काकांची डॉक्टरांकडे वेळ आहे, म्हणून आज त्यांच्या अ‍ॅपच्या स्क्रीनशॉटवरून शुगरची वेळेनुसार सरासरी काढली. अ‍ॅप सगळ्या नोंदींची मिळून एकच सरासरी दाखवतं. त्यात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर एकत्र होते, त्यामुळे औषध कुठे कमी पडतंय ते कळत नाही.

स्क्रीनशॉटमधले आकडे शीटमध्ये उतरवा: A मध्ये वेळ, B मध्ये गट, C मध्ये शुगर. गट घड्याळावरून नको, खाण्यावरून ठरवा. सकाळी दहाची नोंद एरवी नाश्त्यानंतर दोन तासांची असते, पण रविवारी नाश्ताच पावणेदहाला झाला असेल तर ती त्या गटात बसत नाही. मग सूत्र:

```
=AVERAGEIF(B:B,"उपाशी",C:C)
```

उपाशीपोटीचे सात आकडे असे होते: 118, 124, 131, 122, 64, 127, 119. बेरीज 805, सरासरी 115. दिसायला छान, पण ती 64 मुळे खाली आली आहे. ती सोडली तर 123.5 येते. 70 च्या खालची नोंद म्हणजे शुगर उतरलेली, आणि डॉक्टरांना आधी तीच दिसायला हवी. म्हणून प्रत्येक सरासरीशेजारी किती नोंदी, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा लिहा. 64 च्या पुढे आदल्या रात्री जेवण कमी झालं होतं का, गोळी किंवा इन्सुलिन कधी घेतलं, हेही लिहा. गटात दोनच नोंदी असतील तर सरासरी न काढता दोन्ही आकडे तसेच द्या. मूळ स्क्रीनशॉटही सोबत न्या.