फुग्याची बॅटरी भिजवताना: माझा अनुभव

हवामानाच्या फुग्याला टांगायच्या रेडिओसाँडला आता बऱ्याच ठिकाणी लिथियमचे सेल लावतात. मी मात्र अजून पाण्यावर चालणाऱ्या बॅटऱ्याच भिजवतो. आत मॅग्नेशियमचा पातळ पत्रा, क्युप्रस क्लोराइडचा थर आणि दोहोंमध्ये टिपकागद. कोरडी असेपर्यंत मीटर शून्यच दाखवतो, त्यामुळे भिजवण्याआधी व्होल्टेज मोजण्यात अर्थ नाही. तेव्हा बघायचा तो रंग. क्युप्रस क्लोराइड पांढरट किंवा राखाडी हवं. हिरवट झाक दिसली तर पाकिटात दमट हवा शिरली आहे, ती बॅटरी बाजूला ठेवतो. म्हणूनच पाकीट अगदी ऐनवेळी फोडायचं.

साध्या नळाच्या पाण्यात ती साधारण तीन मिनिटं पूर्ण बुडवून ठेवतो. वर बुडबुडे येतात. आधी ती अडकलेली हवा असते, नंतर मॅग्नेशियम पाण्याशी भिडून निघणारा हायड्रोजन. त्यामुळे जवळपास ज्योत नको आणि बॅटरी हवाबंद डब्यातही नको. घाईत काहीजण पाण्यात मीठ टाकतात. बॅटरी लवकर जागी होते खरी, पण तापतेही आणि सेलांमधल्या ओलाव्यातून वीज गळू लागते. मीठ टाकायची गरजच नसते, कारण वीज वाहू लागली की आतच मॅग्नेशियम क्लोराइड तयार होतं आणि पाणी आपोआप चांगलं वाहक बनतं.

बाहेर काढल्यावर ती जोरात झटकायची. बाहेरून पाण्याचा थर राहिला, तर शेजारचे सेल त्यातूनच एकमेकांना जोडले जातात आणि व्होल्टेज वर चढतच नाही. मग मोजणी, आणि ती लोड लावूनच. नुसत्या मीटरवर थकलेली बॅटरीही छान दिसते. १८ व्होल्टच्या बॅटरीला १०० ओहमचा, ५ वॅटचा रोधक जोडतो. त्यातून १८० मिलिअँपिअर वाहतात. पहिल्या मिनिटांत आकडा हळूहळू चढला तर ठीक. चढून लगेच घसरला, तर एखादा सेल नीट भिजलेला नाही असं धरून पुन्हा अर्धा मिनिट बुडवतो. तरीही घसरला तर दुसरी घ्यायची.

एवढा प्रवाह दोन तास चालवायचा तर ०.३६ अँपिअर-तास लागतात. हिशोबाने प्रत्येक सेलमागे सुमारे १.३ ग्रॅम क्युप्रस क्लोराइड आणि जेमतेम ०.१६ ग्रॅम मॅग्नेशियम खर्च होतं. प्रत्यक्षात मॅग्नेशियम बरंच जास्त ठेवावं लागतं, कारण त्यातलं काही वीज न देताच पाण्यात झिजतं. ही झीज वाया जाते खरी, पण तिचीच ऊब वर उणे ६० अंशांत बॅटरीला गोठू देत नाही. थंडीत म्हणून तिच्याभोवती फोमचं आवरण ठेवायचं, पण वायूला वाट सोडून.

भिजवल्यावर तिला परत झोपवता येत नाही. वाळवली तरी झीज झालेली असते आणि पत्र्यावर पांढरा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड साचतो. फुगा अर्धा तास लांबला की मी नवीन पाकीट फोडतो.