सोमवारच्या मीटिंगमधून ‘स्थिती’ हा शब्द काढला

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आम्ही इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल बनवतो. चौघे होतो तेव्हा सगळं चहाच्या वेळी ठरायचं. माणसं वाढली तशी सोमवारी दहाची मीटिंग सुरू केली. दीड तास प्रत्येक जण आपला आठवडा सांगायचा आणि बाकीचे ऐकायचे.

एका ऑर्डरला सहा पॅनेलची एन्क्लोजर, म्हणजे पत्र्याच्या पेट्या, बाहेर पावडर कोटिंगला गेली होती. तीन सोमवार खरेदीवाल्याने सांगितलं, “कोटिंग चालू आहे.” चौथ्या आठवड्यात ग्राहकाचा माणूस तपासणीला आला, तेव्हा एन्क्लोजर आलेलीच नव्हती. खरेदीवाला खरंच बोलला होता. अजेंड्यावर मीच ‘एन्क्लोजर – स्थिती’ असं लिहिलं होतं, म्हणून त्याने स्थिती सांगितली. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून अजेंड्यावर फक्त प्रश्न येतो. ज्याला उत्तर हवंय त्यानेच तो लिहायचा, आणि किती मिनिटं लागतील तेही. तोच मुद्दा आता असा लिहिला जाईल: ‘शुक्रवारपर्यंत माल आला नाही, तर दोन एन्क्लोजर दुसऱ्या कोटिंगवाल्याकडे द्यायची का? 10 मिनिटं.’ बाकीची माहिती शनिवारी संध्याकाळपर्यंत शीटमध्ये जाते. आमच्या सुपरवायझर काकांना टाइप करणं जमत नाही, ते फोनवर सांगतात आणि ऑफिसमधली मुलगी भरते. पहिला महिनाभर शीट कुणी वाचूनच येत नव्हतं आणि वाचन पुन्हा तोंडी सुरू व्हायचं. म्हणून आता पहिली सात मिनिटं सगळे तिथेच बसून गुपचूप वाचतात.

मिनिट्सवर मात्र जास्त मेहनत लागली. पूर्वी दोन पानं भरायची आणि जागोजागी ‘चर्चा झाली’. आता प्रत्येक प्रश्नाखाली चारच गोष्टी असतात: काय ठरलं, का ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. ‘कोण’मध्ये एकच नाव. ‘खरेदी व प्रॉडक्शन’ असं लिहिलं की दोघंही एकमेकांची वाट बघतात. ‘का’ लिहायला सगळे कंटाळतात, पण मला तोच रकाना सगळ्यात मोलाचा वाटतो. कोटिंगच्या प्रश्नावर ठरलं, की माल विभागायचा नाही. कारण असं लिहिलं: ‘दोघांकडचा आरएएल 7035 राखाडी रंग शेजारी ठेवला की फरक दिसतो, म्हणून एका लाइनअपची सगळी एन्क्लोजर एकाच ठिकाणी.’ दोन महिन्यांनी दुसऱ्या ऑर्डरला तोच प्रश्न निघाला, तेव्हा ती ओळ वाचून दाखवली आणि विषय दोन मिनिटांत संपला.

हे मीटिंग चालू असतानाच लिहायचं आणि पुढच्या मुद्द्यावर जाण्याआधी मोठ्याने वाचायचं. “मी असं म्हटलं नव्हतं” हे तिथल्या तिथे कळतं. आणि ‘काय ठरलं’ हा रकाना रिकामा राहिला, तर तो मुद्दा शीटमध्येच जायला हवा होता असं आम्ही धरतो.

एकच प्रश्न लागोपाठ तीन सोमवार आला, तर बहुतेक वेळा एखादा आकडा कमी असतो. मग तो आकडा कोण आणि कधी आणणार, एवढंच मिनिट्समध्ये लिहितो. आणि शनिवारी एकही प्रश्न आला नाही, तर सोमवारची मीटिंग होत नाही.