साडेपाच टक्के म्हणजे किती टक्के?

"ताई, शोरूमवाला साडेपाच टक्क्यांनी कर्ज देतोय आणि बँक सव्वानऊ सांगतेय. मग बँकेत कशाला जायचं? तुम्ही गाडी घेतली तेव्हा काय बघितलंत?"

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे गाडी घ्यायची म्हटली की ऑफिसातला कुणी ना कुणी कागद घेऊन माझ्या टेबलापाशी येतो. २०२५च्या सुरुवातीला आमच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा अगदी हाच साडेपाचचा आकडा माझ्यासमोरही आला होता. शोरूममधल्या मुलाने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून म्हटलं, "मॅडम, ७ लाख, पाच वर्षं, हप्ता १४,८७५. बँकेपेक्षा कमी दर कुठे मिळणार?"

मी विचारलं, "फ्लॅट का?" तो म्हणाला, "हो, फ्लॅटच की."

सगळी गंमत त्या एका शब्दात आहे. फ्लॅट म्हणजे ७ लाखांवर साडेपाच टक्के, आणि तेही पाचही वर्षं. व्याज झालं १,९२,५००. ते मुद्दलात मिळवून साठने भागलं की १४,८७५ येतात. पण आपण तर दर महिन्याला मुद्दल फेडत असतो. तीन वर्षं संपतात तेव्हा आपल्याकडे सव्वातीन लाखांच्या आसपासच बाकी असते, तरी व्याज मात्र पूर्ण सात लाखांवर चालू राहतं. बँक जो दर सांगते तो घटत्या शिलकेवरचा असतो. त्याच १४,८७५च्या हप्त्याचा घटत्या शिलकेवर दर काढला तर तो बरोबर १० टक्के निघतो. म्हणजे तुलना साडेपाच आणि सव्वानऊची नाहीच, दहा आणि सव्वानऊची आहे.

आणि दहावरही थांबत नाही. पहिला हप्ता कर्ज देतानाच कापून घेणार होते, त्याला ते 'ॲडव्हान्स ईएमआय' म्हणतात. म्हणजे हातात आले ६,८५,१२५ आणि पुढे भरायचे ५९ हप्ते. दर झाला १०.४. प्रोसेसिंग फी ३,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ३,५४०. शिवाय कर्जाचा विमा १२,००० रुपयांचा, कर्जातूनच वळता. हा गाडीचा विमा नव्हे. कर्ज घेणाऱ्याचं काही बरंवाईट झालं तर बाकी फेडणारा विमा. घेतलाच पाहिजे का, असं विचारल्यावर तो मुलगा म्हणाला, "तसं नाही, पण सगळे घेतात." हे दोन्ही वजा केल्यावर आपल्या उपयोगाला आले ६,६९,५८५. आता दर काढायला कुणाला विचारायला नको, ऑफिसच्या एक्सेलमध्ये एक ओळ लिहायची:

```
=RATE(59,-14875,669585)*12
```

उत्तर येतं ०.११४, म्हणजे ११.४ टक्के. साडेपाचचे दुप्पट झाले, वर थोडे उरलेही.

हे गणित स्वतः करायचं नसेल तर एक कागद मागा. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेने अशा किरकोळ कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं सक्तीचं केलं आहे. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो. व्याज, फी, त्यांच्यामार्फत घेतलेला विमा, सगळं धरून वर्षाला पडणारा हा खरा दर. त्यात न लिहिलेला आकार पुढे तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. कागद किमान तीन कामाचे दिवस ग्राह्य असतो, आणि आपल्याला कळेल अशा भाषेत मागता येतो. शोरूममध्ये तो मागितला की "तो शेवटी मिळतो, आधी फाइल टाकू" असं ऐकू येईल. फाइल टाकायच्या आधीच मागायचा.

आम्ही असे आणखी दोन कागद आणले. सरकारी बँक: ९.२ टक्के फ्लोटिंग, हप्ता १४,५९९, प्रोसेसिंग फी जीएसटीसकट ४,१३०. खासगी बँक: ८.९ टक्के फिक्स्ड, हप्ता १४,४९७, फी जीएसटीसकट ६,४९०. एपीआर अनुक्रमे ९.४५ आणि ९.३. पाच वर्षांत खासगी बँक फी धरूनही पावणेचार हजारांनी स्वस्त पडत होती. यांनी तर खासगी बँकेचा फॉर्म भरायलाही घेतला होता.

मी थांबवलं, कारण माझं तोंड एकदा पोळलं आहे. २०१८ साली आम्ही जुनी गाडी घेतली होती, छोटं फिक्स्ड कर्ज काढून. दीड वर्षाने पैसे जमले आणि मोठ्या आनंदाने कर्ज बंद करायला गेलो. बाकी होती १ लाख ६० हजार. काउंटरवरच्या बाईंनी त्यावर पाच टक्के दंड आणि त्या दंडावर जीएसटी लावून ९,४४० रुपये जास्तीचे मागितले. मी वाद घालायला लागले तर त्यांनी माझ्याच सहीचा कागद उलटा करून मागचा बारीक मजकूर दाखवला. सही माझीच होती, आता बोलणार काय!

म्हणून या वेळी आधी घरातला हिशेब मांडला. सासऱ्यांची विम्याची एक पॉलिसी दोन वर्षांनी पिकणार होती आणि त्यातून गाडीचं कर्ज बंद करायचं, हे आमचं आधीच ठरलेलं. मग पाच वर्षांची तुलना आमच्या काय कामाची? एपीआर कर्ज पूर्ण मुदत चालणार असं धरून काढतात. तुम्ही मध्येच बंद केलंत तर लागणारा दंड त्या आकड्यात नसतो. तो त्याच कागदावर असतो, पण वेगळ्या ओळीत.

खासगी बँकेच्या कागदावर लिहिलं होतं, बाकी मुद्दलावर पाच टक्के. चोवीस हप्त्यांनंतर बाकी राहते साधारण ४,५६,५५०. त्यावर पाच टक्के २२,८२८, त्यावर जीएसटी ४,१०९, मिळून जवळपास २७ हजार. मग ओळ अशी लिहायची की चोवीस हप्ते भरले आणि शेवटी बाकी अधिक दंड एकरकमी दिला:

```
=RATE(24,-14497,693510,-483488)*12
```

साडेअकरा टक्के! सांगितलेला दर ८.९, कागदावरचा एपीआर ९.३, आणि आम्हाला पडला असता साडेअकरा. सरकारी बँकेचं कर्ज चोवीस महिन्यांत बंद केलं तर फी धरून ९.६ पडतं, कारण तिथे दंड शून्य. ही काही त्या बँकेची मेहेरबानी नव्हे. माणसाने स्वतःच्या नावाने, धंद्यासाठी नसलेलं फ्लोटिंग दराचं कर्ज घेतलं तर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावायला रिझर्व्ह बँकेचीच मनाई आहे. फिक्स्डला ते संरक्षण नाही, तिथे कागदावर लिहिलं असेल ते द्यावं लागतं. रुपयांत बघायचं तर दोन वर्षांत सरकारी बँक आम्हाला साडेपंचवीस हजारांनी स्वस्त पडत होती.

हे म्हणाले, "फ्लोटिंग आहे, दर वाढला तर?" प्रश्न रास्त होता. सुरुवातीपासूनच अर्धा टक्का वाढला असं धरलं तरी दोन वर्षांत पाच-सहा हजारांचा फरक पडतो, सत्तावीस हजारांचा नाही. कर्ज पूर्ण पाच वर्षं चालवणार असतो आणि मधे पैसे येण्याची काही आशा नसती, तर मी खासगी बँकच घेतली असती. त्यामुळे आमचं उत्तर तुमचंही असेल असं नाही. तुमच्याकडे पैसे कधी येणार ते आधी सांगा, मग मी बँक सांगते. आणि फिक्स्ड घेणारच असाल तर दंडाबरोबर हेही विचारा की मधे थोडी थोडी रक्कम भरता येते का. काही ठिकाणी भरायचे तर सगळे भरा, नाहीतर हप्ते चालू ठेवा, असा मामला असतो.

शोरूमवाला एक गोष्ट मात्र खरी सांगेल: "आमच्याकडून फायनान्स केलं तर डिस्काउंट जास्त." आम्हाला ५,००० जास्त देत होता. तो आकडाही हिशेबात धरायचा, रागावून सोडून द्यायचा नाही. दोन्ही कोटेशन वेगवेगळी लिहून घ्यायची आणि तो फरक त्या कर्जाच्या फीमधून वजा करायचा. आमच्या बाबतीत एकट्या विम्याचेच १२ हजार होते, तिथेच तो डिस्काउंट वाहून गेला.

राहिली मुदत. तुम्ही ती विचारली नाहीत, पण तुमची गाडी तीच ठरवणार आहे. आम्ही बँक ठरवून परत शोरूमला गेलो तर तोच मुलगा म्हणाला, "मॅडम, पाचऐवजी सात वर्षं करा ना. हप्ता तेवढाच ठेवून टॉप मॉडेल येतंय." त्याचं गणित चुकलेलं नव्हतं. ९.२ टक्क्यांनी १४,६०० रुपयांचा हप्ता सात वर्षं भरायचा म्हटलं तर ७ऐवजी ९ लाख कर्ज मिळतं. दोन लाख जास्तीचे, आणि खिशाला महिन्याला काहीच जाणवत नाही. जाणवतं ते साठाव्या हप्त्यानंतर, जेव्हा अजून चोवीस शिल्लक असतात.

कर्ज सातच लाख ठेवून मुदत सात वर्षं केली तर हप्ता ११,३३४वर येतो, पण एकूण व्याज पावणेदोन लाखांवरून अडीच लाखांच्या वर जातं. आणखी एक बघा. पाच वर्षांच्या कर्जात तीन वर्षांनी बाकी असते ३ लाख १९ हजार, सात वर्षांच्या कर्जात ४ लाख ५४ हजार. त्या वेळी गाडी विकायची वेळ आली तर आधी ही बाकी फेडायची, बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यायचा, आरटीओत आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा आणि मगच गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची. हप्ता जड जात असेल आणि दंड नसेल तर सात वर्षं घ्यायलाही माझी ना नाही, पैसे आले की आधी फेडता येतात. पण मोठी गाडी बसावी म्हणून मुदत वाढवणं हा वेगळाच प्रकार आहे.

आम्ही पाच वर्षं घेतली, मधलं मॉडेल घेतलं. टॉप मॉडेलमध्ये जास्तीचं काय होतं म्हणाल तर मोठा स्क्रीन, चाकांना चकचकीत अलॉय आणि डोक्यावर सनरूफ. सासरे शोरूममध्ये मान वर करून त्या काचेकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मे महिन्यात सोलापुरात हे उघडणार कोण बे?"