तो 0.03 आणि एकतीस क्विंटलचा शेतकरी

प्रबंधाच्या पहिल्या हंगामाच्या डेटात मला हवं ते मिळालं होतं. प्रशिक्षणाला गेलेल्या शेतकऱ्यांचं सोयाबीनचं एकरी उत्पादन जास्त, आणि p, म्हणजे प्रशिक्षणाचा परिणाम नसतानाही योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, 0.03. कागद माझ्या मार्गदर्शक मॅडमसमोर ठेवला. त्यांनी एवढंच विचारलं, "हे रिग्रेशन किती वेळा चालवलंस?"

रात्री जुन्या स्क्रिप्ट उघडून मोजलं. उत्पादन, खतखर्च, निव्वळ उत्पन्न असे तीन निकाल. प्रत्येक लॉग घेऊन आणि न घेता, टोकाचे आकडे ठेवून आणि काढून, जमीन-शिक्षण धरून आणि सोडून. तीन दुणे सहा, पुन्हा दोनदा दुप्पट, म्हणजे चोवीस. चोवीसही चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असत्या, तर प्रशिक्षणाचा काडीचाही परिणाम नसताना एखादा तरी p 0.05 या नेहमीच्या मर्यादेखाली जाण्याची शक्यता 71 टक्के. माझ्या चाचण्या एकाच डेटावरच्या, एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे हा आकडा फुगलेला. मग खरा किती?

मॅडमनी युक्ती सांगितली. 'प्रशिक्षण' हा कॉलम प्रत्येक गावाच्या आतल्या आत पत्त्यांसारखा पिसायचा, चोवीस रिग्रेशन्स चालवायची, सर्वांत लहान p टिपायचा. असं हजारदा. 236 वेळा तो 0.03 किंवा त्याहून कमी आला. म्हणजे माझा 0.03 खरं तर 0.24 च्या आसपासचा होता.

मी म्हटलं, तीनच निकाल मुख्य धरू आणि जितक्या चाचण्या तितका p वाढवणारी होल्मची दुरुस्ती लावू.

```r
p.adjust(c(0.03, 0.21, 0.48), method = "holm")
```

उत्तर आलं 0.09, 0.42, 0.48. मॅडम हसल्या. "या तिन्हींमागच्या एकवीस वाटा होल्मला कुठं माहीत आहेत? तू सांगशील तेवढंच तो मोजतो."

सगळ्यात जास्त खुपलं ते एकतीस क्विंटल. प्रशिक्षणाला न गेलेल्या एका शेतकऱ्याचा एकरी आकडा 31 होता, तो मी 'नोंदीची चूक' म्हणून काढला होता. फोन केला, तर खरंच चूक निघाली. तीन एकरांचं उत्पादन एका एकराच्या रकान्यात पडलेलं. पण मी तो तपासला कधी? p 0.11 आल्यावर. पहिल्याच फटक्यात 0.03 आला असता तर तिकडे बघितलंही नसतं. त्या परिस्थितीत एकच रिग्रेशन चालवलं असतं, तरी निकाल बघून वाट बदलण्याचा फाटा होताच.

दुसऱ्या हंगामाचे फॉर्म उघडण्याआधी आराखडा लिहून OSF या संशोधनाचे आराखडे नोंदवण्याच्या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवला. मुख्य निकाल एकच, एकरी उत्पादन, लॉग नाही, जमीन-शिक्षण धरून. वीस क्विंटलच्या वरचा प्रत्येक आकडा प्रशिक्षणाचा कॉलम झाकून फोनवर तपासायचा. पहिल्या हंगामाला याचा उपयोग नव्हता, तो डेटा मी आधीच बघून बसले होते. प्रबंधात तो 'शोधक' या शीर्षकाखाली, चोवीसच्या चोवीस आकड्यांसह गेला.

तपासणीत चार चुकीचे आकडे सापडले. त्यांतले तीन प्रशिक्षण घेतलेल्यांचे होते. फरक आला एकरी 0.3 क्विंटल, p = 0.41. पहिल्या हंगामातही असे आकडे असतील का, म्हणून जुने फॉर्म काढले. प्रशिक्षण घेतलेल्यांत दोन चोवीस होते, दोन्ही तशाच चुकीचे. ते माझ्या आड आले नव्हते, म्हणून तसेच राहिले होते.