स्वतःच्याच फ्लॅटची बेल वाजवून थांबायला शिकले

माझा एक फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर दिलेला आहे. राहणारी मुलगी नर्स आहे, एकटीच राहते. भाडं वेळेवर, तक्रार नाही, त्यामुळे वर्षभरात मी तिकडे फिरकलेही नव्हते. मग एका गुरुवारी खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती, रंगाचे पोपडे सुटत होते आणि अधूनमधून थेंब पडत होते. वरचं बाथरूम म्हणजे माझ्या फ्लॅटचं.

पुढे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. शुक्रवारी अकराला गेले, बेल एकदा वाजवली, आतून काही आवाज आला नाही म्हणून जवळच्या जादा किल्लीने लॅच उघडलं. "कोणी आहे का?" असं दारातून म्हटलंही. हॉलमध्ये चार पावलं टाकते तोच बेडरूमचं दार उघडलं आणि ती बाहेर आली, नाईट ड्युटी करून झोपलेली, घाबरून पांढरीफटक. आपण आत कुणाच्या तरी झोपेत घुसलोय हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. मी गळतीचं काहीतरी बोलले, तिने बाथरूम दाखवलं, मी बघितल्यासारखं केलं आणि निघाले. मी निघताना ती एवढंच म्हणाली, "काकू, तुमच्याकडे किल्ली आहे हे मला माहीत होतं. पण तुम्ही अशी वापराल असं नव्हतं वाटलं."

संध्याकाळी तिने मेसेजमध्ये करारातल्या एका कलमाचा फोटो पाठवला. करार माझ्याकडेही होता, पण मी त्यातलं भाडं, डिपॉझिट आणि मुदत सोडून काही वाचलेलं नव्हतं. कलम साधं होतं. मालकाला किंवा त्याच्या माणसाला घर पाहायला येता येईल, पण वाजवी पूर्वसूचना देऊन. माझा समज असा की लिव्ह अँड लायसन्समध्ये घराचा ताबा कायद्याने आपलाच असतो, राहणाऱ्याला फक्त वापरायची परवानगी, मग सूचना कसली द्यायची? तो समज इथे टिकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधलं कलम 28 याच विषयावर आहे, आणि त्यात भाडेकरूबरोबर लायसन्सवर राहणाराही आलेला आहे. मालकाला घराची पाहणी करण्याचा हक्क आहे, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. हक्क घ्यायचा तर अटही घ्यावी लागते.

अडचण अशी की सूचना किती तास आधी द्यायची हे तिथे लिहिलेलं नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात मात्र आकडा आहे. किमान 24 तास आधी, लेखी किंवा मेसेज-ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने, कारण, दिवस आणि वेळ कळवायची, आणि सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर आत जायचं नाही. आग, पूर, भूकंप असं काही घडलं तर सूचनेची गरज नाही. हा नमुना कायदा आहे, ज्या राज्याने तो स्वीकारला तिथेच लागू होतो. पण हाताशी मोजपट्टी नसताना मी तीच धरली.

तरी पहिला मेसेज चुकलाच. "उद्या कधीतरी प्लंबर येईल, घरी राहशील का?" तिचं उत्तर आलं, "कधीतरी म्हणजे कधी? मी नऊला घरी येते, दहा ते चार झोपते, सव्वासातला ड्युटीला निघते. रविवारी सुट्टी आहे." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सकाळी अकरा ही माझ्यासाठी अगदी सभ्य वेळ, तिच्यासाठी ती मध्यरात्र. सूर्योदय-सूर्यास्ताची अटही तिच्या बाबतीत उलटीच पडत होती. वाजवी वेळ घड्याळात बघून ठरत नाही, घरात राहणाऱ्याला विचारूनच ठरते.

खालचे काका अर्थातच वैतागले. "घर तुमचं, आणि परवानगी कसली मागत बसलाय?" मी त्यांना आधी एक काम सांगितलं, कारण तोवर मला एका ओळखीच्या जुन्या प्लंबरने युक्ती दिली होती. ओलीच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारा आणि थेंब पडतो तिथे बादली ठेवा. वरचं घर रात्री रिकामं असतं, एक थेंबही पाणी वापरलं जात नाही. रात्रभर बादलीत पाणी साठलं तर दाबाची पाइपलाइन फुटलेली आहे, कारण तिच्यात पाणी चोवीस तास असतं. बादली कोरडी राहिली आणि आंघोळीनंतर गळायला लागलं तर दोष सांडपाण्याच्या वाटेत किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. सकाळी बादली कोरडी होती. ती साडेनऊला आंघोळीला गेली आणि काकांचा फोन आला की सुरू झालं. कुणाच्याही घरात पाऊल न टाकता अर्धं निदान झालं होतं. शिवाय हेही कळलं की ही आणीबाणी नाही. पाणी विजेच्या फिटिंगवर उतरत असतं किंवा धो धो वाहत असतं तर गोष्ट वेगळी होती.

मग मी नीट मेसेज लिहिला. तो जसाच्या तसा देते:

"बाथरूमची गळती शोधायची आहे. रविवारी संध्याकाळी साडेचार ते साडेपाच, मी आणि एक प्लंबर, दोघंच. काम फक्त बाथरूममध्ये. फरशी भिजवून ठेवावी लागेल, त्यामुळे त्यानंतर सोमवारी संध्याकाळी साडेचारपर्यंत बाथरूम वापरता येणार नाही, टॉयलेट वेगळं असल्याने ते चालेल. सोमवारी साडेचारलाच पुन्हा अर्धा तास येऊ. वेळ जमत नसेल तर तुला जमेल ती सांग. किल्ली वापरणार नाही, तू दार उघडशील तेव्हाच येऊ."

तिने लगेच होकार दिला, आंघोळ हॉस्पिटलात करेन म्हणाली. मला वाटतं होकार मिळाला तो एका गोष्टीमुळे. आम्ही कधी येणार याबरोबरच कधी निघणार हेही लिहिलं होतं.

रविवारी प्लंबरने नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून खाली जातं तिथे, बोळा घट्ट बसवला, उंबऱ्याच्या आत इंचभर पाणी साठवलं आणि त्यात रंग मिसळला. सोमवारी साडेचारपर्यंत खाली काकांकडे काही उतरलं नव्हतं, म्हणजे फरशीचं वॉटरप्रूफिंग ठीक. मग बोळा काढला, रंगीत पाणी ट्रॅपमधून गेलं, आणि वीसेक मिनिटांत काकांच्या छतातून गुलाबी थेंब पडला. ट्रॅप आणि पाइपचा सांधा गेला होता. (गुलाबी थेंब पाहून काकांना जो आनंद झाला, तो बघण्यासारखा होता.) जाता जाता प्लंबरने मोबाइलवर फोटो काढले. त्यात दोरीवर वाळत घातलेले तिचे कपडे होते. ती काही बोलली नाही, पण मी ते फोटो तिच्यासमोर पुसायला लावले आणि दोरीवरचे कपडे उचलल्यावर फक्त ट्रॅपचा घ्यायला सांगितला.

खरी परीक्षा दुरुस्तीची होती. मालकांना वाटतं एकदा सांगितलं की झालं. पण असं काम एका फेरीत होत नाही. ट्रॅपभोवतीच्या लाद्या फोडून नवा ट्रॅप बसवायचा, दुसऱ्या दिवशी वॉटरप्रूफिंगचा हात, तो सुकला की दुसरा हात, पुन्हा पाणी साठवून एक दिवस बघायचं, आणि मग लाद्या. म्हणजे पाच फेऱ्या. प्रत्येक फेरीला आदल्या दिवशी मेसेज करत बसले असते तर ती कंटाळली असती आणि एखादी फेरी हुकलीच असती. म्हणून पाचही दिवसांचं वेळापत्रक एकदम पाठवलं. सगळ्या वेळा चार ते सहामधल्या. खाली एक ओळ टाकली, की दिवस पुढे गेला तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवेन. तिने दुसरा दिवस बदलून मागितला, ड्युटी बदलली होती. बदलला.

चौथ्या फेरीला प्लंबरने सहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन केला, "ताई, आत्ता येऊ का? दहा मिनिटांचं काम आहे." तिची निघायची वेळ झाली होती. मी नाही म्हणाले. काकांनी मला त्याबद्दल ऐकवलं, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर चूक नव्हती, छत त्यांचं गळत होतं. पण एकदा कळवलेली वेळ मीच मोडली असती तर पुढचा मेसेज तिने का वाचायचा? काम एक दिवस लांबलं, एवढंच.

मध्ये एक मैत्रीण म्हणाली, "आणि ती नाहीच म्हणत राहिली असती तर?" मी हे विचारून ठेवलं होतं. राहणाऱ्यालाही कायम दार अडवता येत नाही, पाहणीचा हक्क कायद्यातच आहे. पण त्यावर उपाय म्हणजे कुलूप उघडणं नाही. दोन-तीन वेगवेगळ्या वेळा लेखी सुचवायच्या, नकार लेखी राहू द्यायचा, खालच्या घराचं नुकसान फोटोत ठेवायचं आणि मग वकिलाकरवी नोटीस. किल्लीने आत गेलं की हा सगळा कागद वाया जातो, कारण मग तक्रार आपल्याच विरुद्ध होते.

माझी जादा किल्ली आता एका पाकिटात आहे. पाकिटाच्या तोंडावर आम्हा दोघींच्या सह्या आहेत, तिनेच सुचवलं. आग लागली, पाइप फुटला तर फाडायचं आणि लगेच तिला फोन करायचा. गेल्या महिन्यात करार नव्याने झाला तेव्हा पाहणीच्या कलमाखाली तीन गोष्टी घालून घेतल्या. 24 तास आधी मेसेज, येण्याची आणि निघण्याची वेळ, आणि तिच्या नाईट ड्युटीच्या दिवसांत दहा ते चार कुणी येणार नाही.

परवा तिचाच मेसेज आला. "काकू, ट्रॅपच्या जाळीपाशी सिमेंट थोडं सुटलंय. बुधवारी साडेचारनंतर कधीही." मी प्लंबरला पावणेपाचची वेळ दिली आहे.